करार स्कॅन होऊन आला? व्हेंडरला नेमकं काय लिहायचं

लातूरच्या एका दालमिलचं उदाहरण धरू. मिलने डाळ निवडायचं कलर सॉर्टर मशीन घेतलं आणि पुण्याच्या व्हेंडरशी त्याच्या वार्षिक देखभालीचा, म्हणजे एएमसीचा, करार केला. करार इंग्रजीत, ३४ पानांचा, पहिलं पान स्टॅम्प पेपरवर. सह्या झाल्या, शिक्के बसले आणि चार दिवसांनी मेलवर Scan_20250616.pdf नावाची १८ एमबीची फाइल आली. ऑफिसने ती उघडून पाहिली, सह्या दिसल्या, फाइल फोल्डरमध्ये टाकली.

मग जानेवारी येतो. मोंढ्यात नव्या तुरीची आवक सुरू होते आणि नेमकं तेव्हाच मशीन बंद पडतं. व्हेंडरचा माणूस किती तासांत यायला हवा, कॅमेरा बदलला तर पैसे कोणाचे, हे करारात आहेच. फाइल उघडून Ctrl+F दाबायचं आणि response लिहायचं. उत्तर येतं: काही सापडलं नाही. शब्द पानावर डोळ्यांना दिसतोय, पण कॉम्प्युटरला दिसत नाही. कारण ते पान म्हणजे पानाचा फोटो आहे. ए-४ कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला की २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचं चित्र तयार होतं. त्यात अक्षर नावाची गोष्टच नसते, फक्त काळे-पांढरे ठिपके असतात.

अशा वेळी बहुतेक ऑफिसांतून मेल जातो: "कृपया कराराची क्लिअर कॉपी पाठवा." सगळा घोळ या एका वाक्यात आहे. समोरचा 'क्लिअर' वाचतो, तोच कागद पुन्हा स्कॅनरवर ठेवतो, या वेळी ६०० डीपीआयला, आणि ६० एमबीची फाइल पाठवतो. अक्षरं आता छान कोरीव दिसतात आणि Ctrl+F तसंच कोरडं. त्याची चूक नाही. तुम्ही फाइल कशी दिसावी ते सांगितलंत. सांगायचं होतं ती कशी तयार व्हावी ते.

आधी स्वतः खात्री करा

मेल लिहिण्याआधी दोन मिनिटं फाइल तपासा, कारण 'शोधता येत नाही' या तक्रारीमागे चार वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकासाठी मागणी वेगळी आहे.

अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडून Ctrl+D दाबा आणि Fonts या टॅबवर जा. तिथे एकही फॉन्ट नसेल तर ते निखळ स्कॅन आहे. चित्रात फॉन्ट नसतो. शेजारच्या Description टॅबमध्ये फाइल कशातून बनली तेही बहुधा लिहिलेलं असतं. तिथे स्कॅनरचं किंवा मोबाइलच्या स्कॅन अ‍ॅपचं नाव दिसलं तर शंका उरत नाही. कॉम्प्युटरवर पॉपलर ही फुकट साधनं असतील तर हेच काम एका ओळीत होतं:

```
pdffonts Scan_20250616.pdf
```

खाली नुसती शीर्षकाची ओळ आली आणि फॉन्टची यादी रिकामी राहिली की तेच निदान.

दुसरा प्रकार जास्त फसवा. फॉन्टच्या यादीत HiddenHorzOCR किंवा GlyphLessFont असं नाव दिसतं. याचा अर्थ फाइल स्कॅनच आहे, पण कोणीतरी तिच्यावर ओसीआर चालवलंय, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा एक अदृश्य थर चित्रामागे चिकटवलाय. शोध चालतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण शोध चालतो तो त्या अदृश्य थरावर, आणि तो थर मशीनने अंदाजाने लिहिलेला असतो. डोळ्यांना दिसणारं पान बरोबर आणि मागचा मजकूर चुकीचा, असं सहज होतं. याचा खरा धोका आकड्यांत आहे, त्याकडे पुढे येतो.

तिसरा प्रकार मराठी करारांचा, आणि आपल्याकडे तो फार आढळतो. भाडेकरार, वाहतुकीचा करार, मजूर पुरवठ्याचा करार बरेचदा कोर्टाबाहेरच्या किंवा तहसीलसमोरच्या टायपिस्टकडे तयार होतात आणि तिथल्या मशीनवर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतात. फाइल स्कॅन नसते, मजकूर माउसने सिलेक्ट होतो, तरी 'करार' शोधलं की शून्य. एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. कृतिदेवमधला 'करार' तिथे djkj असा उतरतो. कारण त्या फॉन्टमध्ये इंग्रजी d च्या जागी 'क'चं चित्र बसवलंय, j च्या जागी 'र'चं आणि k च्या जागी कान्याचं. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नाहीच, djkj आहे. इथे व्हेंडरकडे 'स्कॅन न केलेली प्रत' मागून उपयोग नाही. ती तर तुमच्याकडे आहेच. इथे युनिकोड फॉन्टमधली, म्हणजे मंगल किंवा निर्मलासारख्या फॉन्टमधली प्रत मागायला हवी.

चौथा प्रकार सोपा. शब्द सापडतात, पण कॉपी होत नाहीत. Ctrl+D करून Security टॅब पाहा. Content Copying समोर Not Allowed असेल तर फाइलवर कुलूप आहे. एवढंच कळवायचं की कुलूप काढून पाठवा.

आपल्या दालमिलची फाइल पहिल्या प्रकारची निघाली. फॉन्टची यादी रिकामी.

समोरच्याला भीती कशाची वाटते

ही मागणी वाचून व्हेंडरच्या मनात पहिला विचार येतो तो असा: याला करारात खाडाखोड करायचीय का? सही झाल्यावर कोणी 'वर्ड फाइल द्या' म्हटलं की कुणालाही शंका येते. म्हणून तीन गोष्टी मेलमध्ये स्पष्ट हव्यात. एक, सही केलेली स्कॅन प्रत आम्ही परत करत नाही, बदलत नाही, तीच खरी. दोन, आम्हाला वर्ड फाइल नको, पीडीएफच हवी. तीन, दोन्हींत फरक निघाला तर सही केलेली प्रतच धरायची, हे आम्ही लेखी मान्य करतो. हे तिसरं वाक्य मेलमधलं सगळ्यात कामाचं आहे. ते वाचलं की व्हेंडरच्या वकिलालाही हरकत घ्यायला जागा उरत नाही.

दुसरी अडचण भीतीची नाही, पत्त्याची आहे. तुमच्या ओळखीचा असतो सेल्सचा माणूस. त्याच्याकडे मूळ फाइल जवळपास कधीच नसते. ती असते करार तयार करणाऱ्या बॅक ऑफिसमध्ये, त्यांच्या वकिलाकडे किंवा टायपिस्टच्या मशीनवर. सेल्सच्या माणसाला मेल गेला की तो आपल्याकडची स्कॅन फाइलच पुन्हा फॉरवर्ड करतो. करार ज्या मेल आयडीवरून मसुदा म्हणून आला होता, तो जुना मेल शोधा. मसुदा पाठवणाऱ्याकडे मूळ फाइल असणारच. मेल त्याला पाठवा आणि सेल्सच्या माणसाला सीसीमध्ये ठेवा. जाता जाता त्या जुन्या मेलला जोडलेली मसुद्याची फाइलही पाहून घ्या. ती शोधता येणारी असते, पण ती शेवटची आहे असं गृहीत धरू नका. मसुदा तीन आणि सही झालेला मसुदा पाच, असं सर्रास असतं.

तिसरी गोष्ट परिशिष्टांची. मुख्य करार वर्डमध्ये असतो, पण दरांचा तक्ता आणि सुट्या भागांची यादी एक्सेलमध्ये वेगळी बनते आणि छापून मागे टाचली जाते. नुसता 'करार पाठवा' म्हटलं की २६ पानांची सुंदर पीडीएफ येते आणि शेवटची ८ पानं, ज्यांत पैसे आहेत, तेवढी गायब असतात. परिशिष्टं नावानिशी मागायला हवीत.

पेनने केलेला बदल

इथे जरा थांबायला हवं, कारण नेमकं इथेच लोक फसतात.

आपल्या दालमिलच्या करारात पान ११ वर कलम ७.२ आहे. तक्रार नोंदवल्यापासून ४८ तासांत तंत्रज्ञ येईल, असं छापलं होतं. सहीच्या दिवशी बोलणं झालं, मिलमालक म्हणाले सीझनमध्ये दोन दिवस मशीन बंद ठेवणं परवडत नाही, आणि तिथेच पेनने ४८ खोडून २४ लिहिलं गेलं. शेजारी दोन्ही बाजूंच्या छोट्या सह्या झाल्या. बदल पक्का.

आता व्हेंडरच्या वर्ड फाइलमध्ये काय आहे? ४८. ती फाइल सहीच्या आधी छापली होती, त्यामुळे पेनचा बदल तिच्यात नाहीच. तिच्यातून काढलेली शोधता येणारी पीडीएफ अगदी प्रामाणिकपणे ४८ दाखवेल. जानेवारीत घाईगडबडीत कोणी Ctrl+F करेल, ४८ वाचेल आणि दोन दिवस वाट पाहत बसेल. स्कॅन प्रतीत २४ लिहिलेलं आहे, पण ती उघडतोय कोण?

मग व्हेंडरला सांगावं का, की वर्डमध्ये २४ करून मग पीडीएफ काढा? माझं मत: नको. एकदा त्याने फाइल उघडून मजकूर बदलायला घेतला की ती फाइल ना सहीआधी छापलेली राहते, ना सही झालेली. एक आकडा बदलताना दुसरं काही बदललं का, हे तपासायला ३४ पानं ओळ न ओळ पडताळावी लागतील. त्यापेक्षा जशी छापली तशीच फाइल मागावी, मेलमध्ये पेनच्या बदलांची यादी द्यावी आणि आपल्या प्रतीवर पिवळी नोंद आपण टाकावी. यादी मेलमध्ये देण्याचा आणखी एक फायदा आहे. व्हेंडरने त्यावर हरकत न घेता फाइल पाठवली, तर हे बदल त्यालाही ठाऊक होते याची तारखेसह नोंद राहते.

म्हणून मेल लिहिण्याआधी सही केलेल्या प्रतीची सगळी पानं एकदा उलटा आणि निळ्या शाईच्या जागा टिपून घ्या. आपल्या उदाहरणात दोन निघाल्या. एक कलम ७.२ मधली. दुसरी पान ३० वर, दरांच्या तक्त्यात एक ओळ खोडलेली.

मेल

व्हेंडर पुण्याचा असल्यामुळे मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. बाहेरच्या राज्यातला असेल तर हाच क्रम ठेवून त्याला कळेल त्या भाषेत लिहा. विषयाच्या ओळीत 'करारबाबत' एवढंच लिहू नका. समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये असे पन्नास 'बाबत' असतात.

> विषय: कलर सॉर्टर एएमसी करार, दि. १२ जून २०२५: मजकूर शोधता येईल अशी मूळ पीडीएफ हवी
>
> मा. व्यवस्थापक, करार विभाग
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आपण १६ जून रोजी पाठवलेली Scan_20250616.pdf (३४ पाने) मिळाली. ती स्कॅन असल्यामुळे तिच्यात शब्द शोधता किंवा कॉपी करता येत नाहीत. सही-शिक्क्याची प्रत म्हणून ती आम्ही जतन केली आहे. ती बदलून नको.
>
> तिच्या जोडीला याच कराराची आणखी एक पीडीएफ हवी आहे. सहीसाठी ज्या वर्ड फाइलवरून प्रिंट काढली, ती फाइल उघडून थेट File > Save As > PDF करून पाठवावी. कागद पुन्हा स्कॅन करू नये आणि आधीच्या स्कॅनवर कन्व्हर्टरही चालवू नये. परिशिष्ट अ (सुट्या भागांची यादी, पाने २७ ते २९) आणि परिशिष्ट ब (दर, पाने ३० ते ३४) एक्सेलमध्ये असल्यास तीही तिथूनच पीडीएफ करून जोडावीत. फाइलला पासवर्ड किंवा कॉपीचे निर्बंध नसावेत.
>
> सही केलेल्या प्रतीत पेनने दोन बदल आहेत: पान ११, कलम ७.२ मध्ये ४८ ऐवजी २४ तास. आणि पान ३०, परिशिष्ट ब मधील ओळ ६ रद्द. वर्ड फाइलमध्ये हे बदल नसतील तर फाइल तशीच पाठवावी, मजकुरात काही दुरुस्ती करू नये. आमच्या प्रतीवर त्यांची नोंद आम्ही करू.
>
> ही प्रत फक्त संदर्भासाठी आहे. दोन्हींत कुठेही फरक आढळल्यास सही केलेली प्रतच ग्राह्य राहील.
>
> शुक्रवार, २७ जूनपर्यंत फाइल मिळावी ही विनंती. मूळ फाइल आपल्या विभागाकडे नसल्यास ती कोणाकडे आहे, तेवढे कळवावे.
>
> आपला,
> (नाव, पद, फोन)

शेवटचं वाक्य छोटं आहे, पण काम मोठं करतं. 'आमच्याकडे नाही' हे उत्तर देऊन मोकळं होण्याची वाट त्याने बंद होते. निदान एक नाव तरी मिळतं.

मेलमध्ये कारण सांगायचं का? सांगितलंत तर एका ओळीत सांगा. ऑफिसमध्ये कोणी दृष्टिबाधित सहकारी एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरत असेल तर ते जरूर लिहा. स्कॅन केलेल्या पानावर स्क्रीन रीडरला वाचायला काही मिळत नाही, त्याच्यासाठी ते पान कोरं असतं. हे कारण समजायला कोणालाच अडचण येत नाही.

समोरच्या टेबलावर काय बिघडतं

समजा व्हेंडरकडच्या क्लार्कने खरोखर वर्ड फाइल उघडली आणि पीडीएफ काढली. तरी दोन ठिकाणी गडबड होऊ शकते. वर्डमध्ये पीडीएफ जतन करताना Options ची खिडकी असते आणि तिच्यात Bitmap text when fonts may not be embedded असा पर्याय असतो. एखादा फॉन्ट पीडीएफमध्ये घालायची परवानगी नसेल, तर या पर्यायामुळे त्या फॉन्टमधला मजकूर चित्र बनून जातो. मग बाकी करारात शोध चालतो आणि फक्त शीर्षकं किंवा फक्त मराठी परिच्छेद सापडत नाहीत. असं अर्धवट दिसलं तर फाइल परत पाठवताना 'स्कॅन आहे' असं म्हणू नका, तो वैतागेल. मजकुराचा फॉन्ट बदलून पुन्हा काढा, एवढं सांगा.

दुसरी गडबड देवनागरीची. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मराठीची पीडीएफ झाल्यावर कधी कधी अक्षरांचा क्रम पानावर दिसतो तसा साठवला जातो. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण साठवायची असते नंतर. मग 'निविदा' पानावर ठीक दिसतं, कॉपी केल्यावर वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटतात आणि शोध हुकतो. जोडाक्षरांचंही तेच. मराठी करारासाठी यावर व्यवहार्य तोड अशी, की पीडीएफसोबत साध्या टेक्स्ट फाइलमध्येही मजकूर मागावा. तिची छपाई सुबक नसते, पण शोध पक्का चालतो.

व्हेंडरच्या संचालकांकडे डिजिटल स्वाक्षरीचं टोकन असेल, तर पुढच्या करारासाठी याहून सरळ रस्ता आहे. वर्डमधून काढलेल्या पीडीएफवरच दोघांनी डिजिटल सही करायची. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधल्या कलम ५ ने अशा सहीला कायदेशीर मान्यता आहे. मग सहीची प्रत आणि शोधता येणारी प्रत एकच होते. फक्त ती फाइल छापून पुन्हा स्कॅन करायची नाही. कागदावर सहीचा चौकोन दिसतो, पण पडताळता येणारी सही फाइलमध्येच राहिलेली असते. स्टॅम्प ड्युटी मात्र त्या करारालाही चुकत नाही, ती कशी भरायची ते वकिलाला विचारून घ्या.

फाइल आली, आता पाच मिनिटं द्या

आलेली फाइल लगेच त्याच कसोट्यांवर घासा. Fonts च्या टॅबमध्ये टाइम्स, कॅलिब्री, निर्मला अशी नेहमीची नावं हवीत, Hidden नाही आणि GlyphLess नाही. फाइलचं वजनही बोलतं: ३४ पानांचा निव्वळ मजकूर बहुधा एक एमबीच्या आतच बसतो. फाइल १५ एमबीची असेल तर कुठेतरी चित्रं आहेत. ८०० टक्के मोठं करून पाहिलं तर खऱ्या अक्षराची कड गुळगुळीत राहते, स्कॅनमधल्या अक्षराचे दात दिसू लागतात.

मग पानं मोजा. वर्डमधून काढलेल्या प्रतीत पानांची विभागणी एखाद्या पानाने पुढे-मागे होऊ शकते, त्यामुळे ३४ ऐवजी ३३ आली म्हणून घाबरू नका. कलमांचे क्रमांक मात्र सलग आणि तेच हवेत. शेवटच्या कलमाचा क्रमांक, परिशिष्टातल्या शेवटच्या ओळीचा क्रमांक आणि मधली कोणतीही दोन कलमं सहीच्या प्रतीशी ताडून पाहा. जुळत नसतील तर तो वेगळा मसुदा आहे.

त्यानंतर फक्त आकडे. शब्द न शब्द पडताळायची गरज नाही, पण रक्कम, तास, दिवस, टक्के आणि तारखा सगळ्या पडताळा. पेढीवरची जुनी पद्धत इथे उत्तम चालते: एकाने सहीच्या प्रतीतून आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने स्क्रीनवर पाहून टिक करायची. एकट्याने दोन खिडक्यांत पाहिलं की डोळा पुढे पळतो. कलम ७.२ आलं की तिथेच रीडरमध्ये पिवळी खूण करून लिहा: 'सही प्रतीत पेनने २४ तास, पान ११'. परिशिष्टातल्या रद्द ओळीवरही तशीच.

व्हेंडरने मूळ फाइल न काढता ओसीआर केलेलं स्कॅनच पाठवलं असेल, तर या आकड्यांच्या फेरीत ते उघडं पडतं. इंग्रजी करारात रुपयाचं चिन्ह ओसीआरला नीट ओळखू येत नाही. ते ₹ ला बरेचदा 2 किंवा 7 समजतं. पानावर ₹50,000 आहे आणि कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलं तर 250,000 उतरतं. इथे स्वल्पविराम चुगली करतो. आपल्या पद्धतीने अडीच लाख 2,50,000 असे लिहितात. 250,000 असं दिसलं की पुढचा 2 हा मूळचा रुपया असणार हे ओळखावं. पण रक्कम ₹5,000 असेल तर ती 25,000 होते आणि स्वल्पविरामही बरोबर बसतो. तिथे मूळ पान पाहण्याखेरीज इलाज नाही. शून्याचा O होणं, एकाचा l होणं, दशांशाचा ठिपका स्कॅनमधल्या धुळीत हरवणं हेही त्यातलंच. 1.5 टक्के दंडव्याज 15 टक्के झालेलं अदृश्य थरात कोणाला दिसणार?

मूळ फाइल मिळेपर्यंत किंवा ती हरवलीच आहे असं लेखी उत्तर आलं तर, आपण स्वतः ओसीआर करून कामचलाऊ प्रत बनवू शकतो. ओसीआर-माय-पीडीएफ हे फुकट साधन टेसरॅक्टच्या मदतीने चालतं आणि टेसरॅक्टला मराठीही येते, फक्त मराठीची डेटा फाइल आधी टाकलेली हवी:

```
ocrmypdf -l eng+mar --deskew --rotate-pages Scan_20250616.pdf karar-ocr.pdf
```

हे काम आपल्याच कॉम्प्युटरवर होतं, करार बाहेर जात नाही. इंटरनेटवर फुकट पीडीएफ-टू-वर्ड करून देणाऱ्या साइट्सवर दर आणि सह्या असलेला करार चढवू नये. मेलमध्ये 'कन्व्हर्टर चालवू नये' असं लिहिलंय त्यामागे चुकांइतकंच हेही कारण आहे. स्वतः बनवलेल्या प्रतीचा उपयोग जागा शोधण्यापुरता ठेवा: कलम कोणत्या पानावर आहे ते हिच्यात शोधायचं आणि आकडा वाचायचा सही केलेल्या पानावर.

उत्तर नाहीच आलं तर तीन कामाच्या दिवसांनी त्याच मेलला रिप्लाय करा, नवा मेल उघडू नका. आधी फोन करून मूळ फाइल नेमकी कोणाकडे आहे ते विचारा आणि मग रिप्लायमध्ये त्यांना जोडा. करारात तशी अट नसेल तर व्हेंडरला मूळ पीडीएफ द्यायला भाग पाडता येत नाही, म्हणून सूर विनंतीचाच ठेवा. मात्र नूतनीकरणाच्या वेळी एक ओळ करारातच घालून घ्या: 'सही झाल्यापासून ७ दिवसांच्या आत पुरवठादार संपूर्ण कराराची, परिशिष्टांसह, मजकूर शोधता येणारी व स्कॅन न केलेली पीडीएफ देईल.' आणि त्या दिवशी पेनने काही बदलायची वेळ आलीच, तर पेन खाली ठेवा. वर्डमध्ये बदल करा, ते पान पुन्हा छापा आणि मग सही करा. स्टॅम्प पेपरवरचं पहिलं पान सोडलं तर त्याला एका कागदाचा खर्च येतो.

दोन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, पण नावं अशी द्या की गोंधळ होणार नाही: 2025-06-12_AMC_SAHI.pdf आणि 2025-06-12_AMC_SHODH.pdf. तारीख पुढे ठेवली की यादी आपोआप क्रमाने लागते, आणि जानेवारीत मशीनपाशी उभं राहून मोबाइलवर फाइल शोधणाऱ्या माणसाला कोणती उघडायची ते विचारावं लागत नाही.